४७ ची झिरकोनिया कॅप दोनदा निघाली, चूक सिमेंटची की माझ्या प्रेपची?

गंगापूररोड_डेंटल
नमस्कार मंडळी. क्लिनिक टाकून मला तीन वर्षं झाली, क्राउन बरेच केलेत पण ही एक केस झोप उडवतेय म्हणून लिहितेय. पेशंट पंचवटीतल्या काकू आहेत, ४७ ला आरसीटी झालेली, वर कंपोझिटचा कोअर, मग पूर्ण झिरकोनियाची कॅप ग्लास आयनोमरने बसवली. पहिल्यांदा निघाली चार महिन्यांनी, मी साफ करून परत बसवली, आता दीड महिन्यात पुन्हा हातात. दोन्ही वेळा कॅप अख्खी, मार्जिन छान, कुठे तडा नाही, सिमेंट सगळं कॅपच्या आत आणि दात स्वच्छ. चिक्की वगैरे काही नाही, साधी भाकरी खाताना निघाली म्हणतात. काकू बिचाऱ्या रागवत पण नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटतं.
लॅबवाल्या दादांनी स्कॅनवर मोजून सांगितलं ते असं: प्रेपची उंची २.५ मिमी, मार्जिनपाशी बुक्कल ते लिंग्वल रुंदी १० मिमी, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींमधला एकूण टेपर ३४ अंश. वरच्या दातापासून क्लिअरन्स कस्पवर २.३ आणि मधल्या ग्रूव्हमध्ये १.५. प्रेपचा फोटो पण टाकलाय.
आता काय करू? सिमेंट बदलू की दात परत घासू?

सिडको_दातांचा_डॉक्टर
मॅडम सिमेंट बदला. झिरकोनियाला ग्लास आयनोमर म्हणजे नुसतं भरण, चिकटत काही नाही. कॅप आतून ५० मायक्रॉन अल्युमिनाने सँडब्लास्ट करा, एमडीपीवालं प्रायमर लावा आणि सेल्फ अधेसिव्ह रेझिन सिमेंट. माझ्याकडे अशा छोट्या छोट्या दातांवरच्या कॅप्स बसल्यात आणि टिकल्यात. आणि ट्रायलला लाळ लागली असेल तर सँडब्लास्ट त्याच्यानंतर करा, आधी करून उपयोग नाही.

अंबडचा_टर्नर
मी डॉक्टर नाही, अंबड एमआयडीसीत टूलरूमला २२ वर्षं काढली. पण माझी पण खालची मागची कॅप दोनदा पडली म्हणून सर्च करता करता इथे आलो. टेपर म्हटल्यावर राहवलं नाही. ३४ अंश म्हणजे फार झालं हो. आमच्याकडे ड्रिल चकचा मोर्स टेपर पूर्ण कोन धरून जेमतेम ३ अंश असतो, तो एकदा ठोकला की जाम, काढायला ड्रिफ्ट मारावी लागते. तर दाताला पण ३ अंशच ठेवायला काय हरकत आहे? कॅप जाम बसेल, सिमेंटची गरजच नाही.

प्रॉस्थो_नाशिकरोड
टर्नर साहेब, विचार चांगला आहे पण कॅप तशी जाम होऊन बसत नाही. मोर्स टेपरला धातू धातूला घट्ट चिकटून असतो. कॅप आणि दात यांच्यात मुद्दाम सिमेंटसाठी जागा सोडलेली असते, घर्षणावर ती उभीच नसते. आणि भिंती फार सरळ केल्या तर उलटं होतं, बसवताना सिमेंटला बाहेर पळायला वाट मिळत नाही, कॅप वरच अडकते, मार्जिन उघडं राहतं आणि पेशंट म्हणतो चावा उंच लागतोय. शिवाय भिंती सरळ करायच्या नादात कुठेतरी अंडरकट येतो आणि मग कॅप खालीच उतरत नाही.
आता मॅडमची केस. सिडकोच्या डॉक्टरांनी सांगितलेलं सिमेंटचं सगळं बरोबर आहे, मी पण तसंच करतो. पण तुमच्या आकड्यांवर कुठलंही सिमेंट एकटं लढतंय. कॅप वर ओढली जाऊन निघालेली नाही, ती कलंडून निघालीय. भाकरी चावताना खालच्या मोलरवर जोर आतल्या बाजूला येतो, कॅप लिंग्वल मार्जिनवर टेकते आणि बुक्कल बाजू दारासारखी उघडते. त्यावेळी बुक्कल भिंतीने तिला अडवायला पाहिजे. तुमची भिंत अडवतच नाहीये.
एक साधी गोष्ट करून बघा. जुनी कॅप डायवर सिमेंटशिवाय ठेवा आणि बुक्कल कस्पवर बाहेरून आत बोटाने दाबा. बघा निघते का.

गंगापूररोड_डेंटल
सर आत्ताच केलं. बोट लावल्या लावल्या टपकन उलटली. दुसऱ्या एका पेशंटच्या ४६ च्या डायवर तसंच केलं तर हलली पण नाही. हे मी पहिल्याच दिवशी का नाही करून बघितलं.

प्रॉस्थो_नाशिकरोड
आता कागदावर बघू. आडवी १० मिमी रेघ काढा, ते तुमचं मार्जिन. दोन्ही टोकांवरून आत १७ अंश कललेल्या भिंती, उंची २.५. आता लिंग्वल टोकावर परकारचं टोक ठेवा आणि बुक्कल भिंतीच्या एकेका बिंदूतून कंस मारा. कंस जिथे दातात घुसतो तिथे भिंत कॅपला अडवते, जिथे बाहेर जातो तिथे कॅप मोकळी सुटते. १० मिमी रुंदी आणि १७ अंशाला अडवणारा भाग सुरू होतो साधारण २.८ मिमी उंचीपासून वर. तुमची भिंत २.५ लाच संपते.
म्हणजे अडवणारी जागा शून्य. थोडी कमी वगैरे नाही, शून्य.

अंबडचा_टर्नर
सर मी हे ग्राफ पेपरवर पाचपट मोठं काढून बघितलं, ५० मिमी रुंद आणि साडेबारा उंच. अगदी खरं आहे, भिंतीच्या पार वरच्या कोपऱ्यातून मारलेला कंस पण भिंतीच्या बाहेरूनच जातो. मग मी भिंत ८ अंशावर केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर तळापासून साधारण १.४ मिमीच्या वरचा सगळा भाग अडवायला लागला. रुंदी कमी केली तरी फायदा होतो. माझा ३ अंशाचा मुद्दा मागे घेतो. पण मग माझ्या कॅपचं पण असंच झालं असेल का? आमचे डॉक्टर म्हणतात तुम्ही सुपारी खाता म्हणून पडते.

प्रॉस्थो_नाशिकरोड
सुपारीने जोर वाढतो हे खरंय, ती कमी कराच. तुमचा दात बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही. कॅप पडली असेल तर ती डबीत ठेवून डॉक्टरांकडे न्या आणि खाली उरलेला दात किती उंच आहे एवढं विचारा. घरी कुठल्याही गमने चिकटवू नका.

इंटर्न_२०२४
सर एक विचारू का, आमच्या व्हायव्हात तर ६ अंशच सांगायचे, आणि सगळेच जण बिनधास्त सांगतात. मग ३४ कसे होतात? कोणीच मुद्दाम करत नसणार.

प्रॉस्थो_नाशिकरोड
६ व्हायव्हात सांगा, आकडा चुकीचा नाही. पण तोंडात, गाल आणि जीभ बाजूला धरून, आरशात बघत ६ क्वचितच येतात. एकूण १० ते २० च्या मध्ये आलात आणि उंची चांगली असेल तर मी खूश. खालच्या मागच्या मोलरला हात सगळ्यात जास्त घसरतो.
३४ कसे होतात ते सांगतो कारण मी स्वतः पहिली काही वर्षं हेच केलं. अंडरकट राहील या भीतीने आपण प्रत्येक भिंतीला हँडपीस थोडा आत कलवतो. अरे पण टेपर बरमध्येच आहे! राउंड एंड टेपर्ड डायमंड इन्सर्शनच्या पाथला समांतर धरला आणि तसाच दाताभोवती फिरवला की दोन बाजूंचे मिळून ६ च्या आसपास आपोआप येतात. हात कलवला की त्याच्यावर तुमच्या हाताचे दहा दहा अंश चढतात. त्यात ४७ स्वतः जिभेकडे झुकलेला, आपण हँडपीस जमिनीला काटकोनात धरायला बघतो आणि एक भिंत आणखीनच पडते.
आणि अंडरकट तपासायचा तर एक डोळा मिटून. दोन्ही डोळे उघडे असले की एक डोळा या बाजूची भिंत बघतो, दुसरा त्या बाजूची, आणि आपल्याला वाटतं सगळं दिसतंय. एका डोळ्याने आरशात पूर्ण मार्जिन गोल दिसलं, मध्ये कुठे तुटलं नाही, तर अंडरकट नाही.

शरणपूर_लॅब
मी लॅबवाला, मॅडमचं हे काम माझ्याकडचंच आहे, त्यांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहितो. टेपरचं सरांनी सांगितलंच. मला दुसरं सांगायचंय, ते म्हणजे वरचा भाग. मॅडम राग मानू नका पण तुम्ही वरून दात टेबलासारखा सपाट केलाय. मधल्या ग्रूव्हमध्ये दीड मिमी मिळायला पाहिजे म्हणून तुम्ही कस्प घासत गेलात, ग्रूव्हला दीड येईपर्यंत कस्पवर २.३ झालं. पूर्ण झिरकोनियाला मला कस्पवर दीड मिळालं तरी पुष्कळ, एक मिमीवर पण करतो. म्हणजे ०.८ मिमी उंची फुकट गेली, आणि सरांचा परकार बघितला तर गेली ती नेमकी वरची, जी अडवणार होती.
माझ्याकडे दहा मॉडेल आली की त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हेच दिसतं. कस्पच्या उतारावर उताराने घासायचं, मधे व्ही राहू द्यायचा, सपाट करायचं नाही. क्लिअरन्स पण नुसता डोळ्याने बघतात. प्रेप करायच्या आधी पुटीचा इंडेक्स घेऊन ठेवा, मधून कापला की कुठे किती गेलं ते समोर दिसतं. नाहीतर टेम्पररी कॅप कॅलिपरने मोजा, जिथे पातळ तिथे कमी घासलंय, जिथे जाड तिथे जास्त. त्याच्यासारखं खरं कोणी बोलत नाही.

गंगापूररोड_डेंटल
दादा राग कसला, मला हेच ऐकायचं होतं. टेम्पररी मोजायचं कधी सुचलंच नाही.
मग आता असं करू का: कस्पवर कंपोझिट लावून ०.८ उंची परत मिळवते, म्हणजे २.५ चे ३.३ होतील. आणि भिंती सरळ करते. पण भिंत सरळ करायची म्हणजे खालून आत घासावं लागणार ना, मार्जिनपाशी. किती? दात आरसीटीचा आहे, भीती वाटते.

प्रॉस्थो_नाशिकरोड
बरोबर दिशेने चाललात. वरचा काठ तिथेच ठेवून १७ ची भिंत ८ वर आणायची तर २.५ उंचीला तळाशी प्रत्येक बाजूला साधारण ०.४ मिमी आत जावं लागेल. रुंदी १० ची ९.२ होईल. मग अडवणारा भाग सव्वा मिमीच्या आसपास सुरू होईल आणि तुमची भिंत ३.३ पर्यंत आहे, म्हणजे २ मिमी काम करणारी भिंत मिळाली. शून्यावरून दोन.
पण त्याआधी दोन गोष्टी बघा. मार्जिनच्या वर खरा दात, कंपोझिट नव्हे, सगळीकडून किमान दीड ते दोन मिमी आहे का. आणि ०.४ आत गेल्यावर कोअरच्या बाहेर डेंटिनची भिंत किती जाड उरते. ती एक मिमीच्या खाली जाणार असेल तर त्या बाजूला घासू नका, दुसरा उपाय शोधू.
फंक्शनल कस्पचा बेव्हल पण विसरू नका, खालच्या मोलरला बुक्कल बाजूला. तो नसेल तर कॅप तिथे पातळ होते नाहीतर बाहेर फुगते. मात्र बेव्हल भिंतीच्या अर्ध्याच्या खाली उतरवू नका. तुमच्या फोटोत बुक्कल बेव्हल जवळजवळ मार्जिनपर्यंत आलाय, ३४ मधले काही अंश त्याचेच आहेत.

सिडको_दातांचा_डॉक्टर
सरांचा परकार पटला, मी पण आज एक डाय दाबून बघितला, उलटला नाही तेव्हा बरं वाटलं. पण मी अजून म्हणेन की एवढं घासण्यापेक्षा मेशियल आणि डिस्टल भिंतीत एकेक ग्रूव्ह मारा. कॅप बुक्कल लिंग्वल कलंडते, प्रॉक्सिमल ग्रूव्ह ते थेट अडवतात. भिंतीला हात लावायची गरजच नाही.

शरणपूर_लॅब
डॉक्टर, मेटलची कॅप असती तर मी लगेच हो म्हणालो असतो. कास्टिंगमध्ये ग्रूव्ह जसाच्या तसा येतो. झिरकोनिया मशीन कापतं. माझ्याकडे सगळ्यात बारीक मिलिंग बर ०.६ चा आहे, त्याच्यापेक्षा अरुंद किंवा टोकदार ग्रूव्ह असेल तर सॉफ्टवेअर तिथे आतून जास्त कापतं, कॅप बसावी म्हणून. मग ग्रूव्ह दातात आहे पण कॅपची पट्टी त्यात बसतच नाही, नुसतं सिमेंट भरतं. तीच गोष्ट प्रेपच्या धारदार कोपऱ्यांची, वरचे कोपरे गोल करा म्हणून मी प्रत्येक जॉब कार्डवर लिहून देतो.

प्रॉस्थो_नाशिकरोड
दोघांचंही थोडं थोडं बरोबर. ग्रूव्ह एक मिमीपेक्षा रुंद, तळ गोल, इन्सर्शनच्या पाथला समांतर आणि मार्जिनच्या अर्धा मिमी वर संपलेला असेल तर मिल होतो. पण त्याची बुक्कल आणि लिंग्वल बाजूची कड ठसठशीत पाहिजे, नुसती खोलगट वाटी काही अडवत नाही. मी स्वतः अशा आखूड मोलरला पेशंटची हरकत नसेल तर सरळ पूर्ण मेटलची कॅप देतो, कमी घासावं लागतं आणि ग्रूव्ह पण खरे उतरतात. मागचा दात आहे, दिसत कुठे.

गंगापूररोड_डेंटल
मेटल काकूंना विचारलं, नको म्हणाल्या, सुनेने झिरकोनियाचेच पैसे भरलेत म्हणे. झिरकोनियाच करावी लागेल.
फिनिश लाइनचं विचारायचं राहिलं. ०.४ आत जायचं तर माझ्याच बरने तसंच आत दाबत गेले तर चालेल ना? टोकाचा व्यास एक मिमी आहे.

शरणपूर_लॅब
मॅडम नका हो असं करू, माझी सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच. चॅम्फर बरच्या टोकाच्या अर्ध्याने करायचा. एक मिमीचा बर म्हणजे अर्धा मिमी आत. त्याच्या पुढे गेलात की बरचा बाहेरचा अर्धा भाग दाताला खाली कोरतो आणि बाहेर एक पातळ उभी कड राहते, ओठासारखी. स्कॅनवर मला तिथे दोन मार्जिन दिसतात, आतलं धरू की बाहेरचं? आतलं धरलं तर कॅप आखूड, बाहेरचं धरलं तर ती कड बसवताना नाहीतर डाय हाताळताना तुटते आणि मार्जिन उघडं. आत जायचं असेल तर जाड टोकाचा बर घ्या.

इंटर्न_२०२४
म्हणजे शोल्डर केला की हा प्रॉब्लेमच नाही ना? सपाट टोकाचा बर.

प्रॉस्थो_नाशिकरोड
सपाट टोकाने ओठ येत नाही पण आतला कोपरा टोकदार होतो आणि झिरकोनियाला तो नको. पूर्ण झिरकोनियाला अर्ध्या मिमीचा स्वच्छ चॅम्फर पुरतो. लिथियम डायसिलिकेट असेल तर एक मिमीचा गोल कोपऱ्याचा शोल्डर, ती वेगळी गोष्ट. मॅडम, जाड बर घ्या आणि शेवटी त्याच आकाराच्या फाइन ग्रिटने मार्जिनवरून एकदा सावकाश फिरा. आणि आत गेलात म्हणून खाली जाऊ नका, हिरडीच्या आत अर्ध्या मिमीच्या पुढे उतरलात तर हिरडी वर्षभर लाल राहील आणि स्कॅनरला मार्जिन दिसणार नाही ते वेगळंच.

गंगापूररोड_डेंटल
अपडेट देते, बारा दिवस झाले. काकूंना बोलावून सगळं परत केलं. लिंग्वल बाजूला सरांनी म्हटल्यासारखं ०.४ गेले, बुक्कलला बेव्हल वर ढकलला आणि कंपोझिटने कस्प उभे केले. हँडपीस एकदा समांतर धरला तो पूर्ण फेरी होईपर्यंत मनगट वळवलं नाही, खुर्चीभोवती मीच फिरले. एक डोळा मिटून आरशात बघितलं तर डिस्टलला मार्जिन तुटलेलं दिसलं, तिथे बारीक अंडरकट होता, दोन्ही डोळ्यांनी मला तो अजिबात दिसला नव्हता. मेशियलला एक रुंद ग्रूव्ह पण दिला. डिस्टलला नाही दिला कारण तिथे मार्जिनच्या वर खरा दात जेमतेम एक मिमी आहे, वर कंपोझिट. त्याचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही, क्राउन लेंग्थनिंगला काकू तयार नाहीत.
टेम्पररी कॅलिपरने मोजली, कस्पवर दीड आणि मधे १.४. साध्या टेम्पररी सिमेंटवर आहे, अजून निघालेली नाही.

शरणपूर_लॅब
स्कॅन बघितला. उंची ३.२, रुंदी ९.३, एकूण टेपर १९. मार्जिन एकच दिसतंय गोल, ओठ नाही.

अंबडचा_टर्नर
परकार घेतला परत. साधारण दीड मिमीच्या वरचं सगळं अडतंय, म्हणजे १.७ मिमी. मॅडम आधी शून्य होतं! मी पण काल डॉक्टरांना उंची विचारली, त्यांनी मोजून २ मिमी सांगितली आणि मग स्वतःच म्हणाले की आधी हिरडी थोडी खाली घ्यावी लागेल.

सिडको_दातांचा_डॉक्टर
छान झालं. आता तरी रेझिन सिमेंट वापरा, एवढं केल्यावर ग्लास आयनोमर कशाला.

प्रॉस्थो_नाशिकरोड
या वेळेला सिडकोच्या डॉक्टरांचं ऐका. डिस्टलला कंपोझिट असल्यामुळे सुद्धा. मात्र त्या बाजूचं खरं सांगायचं तर एक मिमी फेरूल मला कमी वाटतो. बाकी तिन्ही बाजू चांगल्या आहेत म्हणून चालून जाईल असं काही जण म्हणतील, मी काकूंना आत्ताच सांगून ठेवलं असतं की पुढे कोअर हलला तर क्राउन लेंग्थनिंग टाळता येणार नाही. आणि सहा महिन्यांनी एक्स रे.

गंगापूररोड_डेंटल
सांगते सर. दादा कॅप कधी मिळेल?

शरणपूर_लॅब
मंगळवारी. मेशियल ग्रूव्ह आतून नीट मिल झाला का त्याचा फोटो सोमवारी रात्री इथेच टाकतो, नाही झाला तर ती कॅप मी देणार नाही, परत कापीन.